भाडेखरेदी व हप्तेबंदी : एकाच यंत्राचे दोन हिशेब

एखादी वस्तू हप्त्याने विकली गेली, की त्या एका व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी होते. खरेदीदाराच्या वहीत ती यंत्र, घसारा आणि व्याज अशा नावांनी उतरते, तर विक्रेत्याच्या वहीत विक्री, येणे आणि नफा अशा नावांनी. दोन्ही वह्यांत प्रश्न मात्र मूलतः एकच असतो : प्रत्येक हप्त्यात वस्तूची किंमत किती आणि विलंबाबद्दलचे व्याज किती? ही फोड चुकली, तर खरेदीदाराचा खर्च आणि विक्रेत्याचा नफा ही दोन्ही चुकीच्या वर्षांत जाऊन पडतात. प्रस्तुत लेखात एका छापखान्याने विकत घेतलेल्या मुद्रणयंत्राचे उदाहरण आरंभापासून अखेरपर्यंत दोन्ही वह्यांत तपासले आहे. भाडेखरेदी व हप्तेबंदी या दोन करारांतील भेद आकड्यांत नेमका कोठे प्रकट होतो, हे दाखविणे हा त्यामागील हेतू आहे.

दोन करारांतील भेद

भाडेखरेदी पद्धतीत माल प्रथमतः भाड्याने दिला जातो. ताबा व उपयोग घेणाऱ्याकडे जातो. मालकी मात्र देणाऱ्याकडेच राहते. अखेरचा हप्ता फेडून खरेदीचा पर्याय स्वीकारीपर्यंत घेणारा हा कायद्याच्या दृष्टीने निक्षेपधारी, म्हणजे दुसऱ्याची वस्तू जवळ बाळगणारा असतो, आणि करारातील अटी पाळून त्याला ती वस्तू मध्येच परतही करता येते. हप्तेबंदी पद्धतीत मात्र विक्री पहिल्याच दिवशी पूर्ण होते. मालकी तत्काळ खरेदीदाराकडे जाते आणि केवळ किमतीची फेड तेवढी लांबणीवर पडते.

हा भेद इंग्लंडातील दोन निवाड्यांनी स्पष्ट झाला. १८९३ सालच्या ली विरुद्ध बटलर या खटल्यात घरसामान घेणारीने सर्व हप्ते भरण्याचे बंधन पत्करले होते. म्हणून तिने ते सामान मध्येच तिसऱ्या माणसास विकले तेव्हा सद्‌भावनेने घेणाऱ्या त्या माणसाची मालकी न्यायालयाने मान्य केली. १८९५ सालच्या हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज या खटल्यात पियानो घेणाऱ्याने तो सावकाराकडे गहाण टाकला होता. परंतु पियानो केव्हाही परत करण्याची त्याला मुभा होती. खरेदी करण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. त्यामुळे हाउस ऑफ लॉर्ड्सने मूळ मालकाचा हक्क कायम ठेवला. कराराला दिलेले नाव नव्हे, तर खरेदीचे बंधन आहे की केवळ पर्याय आहे, ही कसोटी यांतून निश्चित झाली.

भारतात १९७२ मध्ये भाडेखरेदीसंबंधी स्वतंत्र अधिनियम संमत झाला खरा. परंतु तो प्रत्यक्ष अंमलात कधीच आला नाही आणि २००५ मध्ये तो रद्द करण्यात आला. सबब भाडेखरेदीच्या करारांना आजही १८७२ च्या संविदा अधिनियमातील निक्षेपाचे नियम, १९३० चा मालविक्री अधिनियम आणि स्वतः कराराची कलमे यांचाच आधार आहे. हिशेब तपासणाऱ्याने मूळ करारपत्र वाचणे अपरिहार्य ठरते, ते यामुळेच.

हप्त्याची फोड

छापखान्याच्या यंत्राची रोख किंमत ८०,००० रुपये आहे. करार १ एप्रिल रोजी होतो. त्या दिवशी १३,८०० रुपये द्यावयाचे आणि पुढे तीन वर्षे दर ३१ मार्च रोजी २६,६२० रुपयांचा हप्ता भरावयाचा, असे ठरते. व्याजाचा दर राहिलेल्या रकमेवर दरसाल १० टक्के आहे. एकूण भाडेखरेदी किंमत ९३,६६० रुपये होते. म्हणजे रोख किमतीहून १३,६६० रुपये अधिक. हे आधिक्य हेच तीन वर्षांचे एकूण व्याज.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. कराराच्या दिवशी दिलेल्या १३,८०० रुपयांत व्याजाचा अंश नाही. कारण तोपर्यंत एक दिवसही उलटलेला नसतो. ती संपूर्ण रक्कम किमतीपोटीच जाते आणि व्याजाची गणना उरलेल्या ६६,२०० रुपयांवर सुरू होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुका या पहिल्या रकमेतून व्याज काढल्यामुळे होतात.

| वर्ष | आरंभीची बाकी | व्याज | हप्ता | किमतीपोटी | अखेरची बाकी |
|---|---|---|---|---|---|
| पहिले | ६६,२०० | ६,६२० | २६,६२० | २०,००० | ४६,२०० |
| दुसरे | ४६,२०० | ४,६२० | २६,६२० | २२,००० | २४,२०० |
| तिसरे | २४,२०० | २,४२० | २६,६२० | २४,२०० | ० |

हप्ता तोच राहतो. परंतु त्यातील व्याजाचा भाग घटत जातो आणि किमतीचा भाग वाढत जातो. कोष्टक बरोबर आहे की नाही हे पाहण्याच्या दोन कसोट्या आहेत. व्याजाची बेरीज एकूण आधिक्याइतकी, म्हणजे १३,६६० आली पाहिजे, आणि अखेरची बाकी शून्य झाली पाहिजे. हप्ता पूर्णांकात आणण्यासाठी थोडी काटछाट झाली असेल, तर शेवटच्या वर्षी काही रुपयांचा फरक उरतो. तो शेवटच्या वर्षाच्या व्याजातच सामावून घेण्याचा प्रघात आहे. फरक मोठा असेल, तर मात्र सांगितलेला दर खरा नाही असे समजावे.

पुष्कळदा रोख किंमत दिलेली नसते. हप्ते व दर तेवढे ठाऊक असतात. अशा वेळी शेवटच्या हप्त्यापासून उलट यावे. शेवटच्या हप्त्यात दहा टक्के व्याज अंतर्भूत असल्याने ११० रुपयांत १० रुपये व्याज असते. म्हणून २६,६२० मध्ये व्याज २,४२० आणि किंमत २४,२००. त्या २४,२०० मध्ये दुसरा हप्ता मिळविला म्हणजे ५०,८२० होतात. त्यांचा अकरावा भाग ४,६२० हे दुसऱ्या वर्षाचे व्याज, व बाकी ४६,२००. त्यांत पहिला हप्ता मिळविला म्हणजे ७२,८२०. त्यांचा अकरावा भाग ६,६२०, व बाकी ६६,२००. शेवटी आरंभीचे १३,८०० मिळविले की ८०,००० ही रोख किंमत हाती येते.

दर दिलेला नसून रोख किंमत व हप्ते समान असतील, तर दुसरी एक रीत वापरतात. प्रत्येक वर्षाच्या आरंभी फेडावयाच्या राहिलेल्या हप्त्यांची रक्कम तीन, दोन व एक या प्रमाणात असते. म्हणून एकूण व्याज त्याच प्रमाणात वाटावयाचे. प्रस्तुत उदाहरणात या रीतीने पहिल्या वर्षास ६,८३०, दुसऱ्यास सुमारे ४,५५३ व तिसऱ्यास सुमारे २,२७७ रुपये येतात. खऱ्या फोडीशी हे आकडे बरेच जवळचे असले, तरी पहिल्या वर्षावर व्याजाचा भार किंचित अधिक पडतो, कारण येथे राहिलेल्या मुद्दलाऐवजी राहिलेल्या हप्त्यांचे प्रमाण धरलेले असते. मुदत लांब आणि दर चढा असला, की हे अंतर वाढत जाते.

सपाट दराचा भ्रम

हेच यंत्र विकताना विक्रेता असेही सांगू शकतो, की व्याज ‘सहा टक्क्यांहून थोडे अधिक, सात टक्क्यांच्या आत’ आहे. त्याचे गणित असे : एकूण व्याज १३,६६०, त्याचा तिसरा भाग सुमारे ४,५५३, आणि ६६,२०० शी त्याचे प्रमाण ६.८८ टक्के. आकडेमोडीत चूक नाही. चूक आहे ती गृहीतात. छापखान्याकडे ६६,२०० रुपये तिन्ही वर्षे राहतच नाहीत. पहिल्या वर्षी ६६,२००, दुसऱ्या वर्षी ४६,२०० आणि तिसऱ्या वर्षी अवघे २४,२०० रुपये त्याच्याकडे असतात. या तिन्हींची बेरीज १,३६,६०० होते आणि १३,६६० हा तिचा बरोबर दहावा भाग आहे. खरा दर दहा टक्के तो हा.

हप्ते मासिक असले, की हे अंतर आणखी रुंदावते. १२,००० रुपये एका वर्षासाठी ‘सपाट १२ टक्क्यांनी’ घेऊन १,१२० रुपयांच्या बारा मासिक हप्त्यांनी फेडले, तर खरा दर दरसाल सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. सपाट दर हा हप्ता ठरविण्याचे सोपे साधन आहे. व्याजाची वर्षवार विभागणी करण्याचे साधन म्हणून तो वह्यांत येऊ देता कामा नये. त्याच्या आधारे दरवर्षी सारखेच ४,५५३ रुपये व्याज लिहिले, तर पहिल्या वर्षाचा खर्च दोन हजारांहून अधिक रुपयांनी कमी दिसतो आणि तिसऱ्या वर्षाचा तितकाच वाढतो.

‘बिनव्याजी हप्ते’ हे याच भ्रमाचे दुसरे रूप होय. ९३,६६० हीच किंमत आहे आणि तिच्यावर व्याज नाही असे जाहीर केले, म्हणून व्याज नाहीसे होत नाही. ते किमतीत लपते. रोख देणाऱ्यास हेच यंत्र ८०,००० ला मिळत असेल, तर उरलेले १३,६६० हे व्याजच आहे. भारतीय लेखामानक १९ नेही, विक्रेत्याने कृत्रिमरीत्या कमी दर सांगितला असल्यास, व्यापारी दर धरून जितका नफा येईल तितकाच विक्रीचा नफा म्हणून दाखवावा, असे म्हटले आहे.

खरेदीदाराच्या वहीत

भाडेखरेदीत यंत्राची कायदेशीर मालकी छापखान्याकडे नसते. तरीही यंत्र त्याच्या वहीत मालमत्ता म्हणून का यावे? उत्तर असे, की त्याचा लाभ तो घेतो, झीज त्याच्याकडे होते, आणि व्यवहाराचा रोख अखेर मालकीकडेच असतो. कायद्याच्या बाह्य रूपापेक्षा व्यवहाराच्या आशयाला महत्त्व देण्याचे हे तत्त्व आहे. १ एप्रिल २००१ पासूनच्या भाडेपट्ट्यांना लागू झालेल्या लेखामानक १९ ने, अटी पूर्ण केल्यावर मालकी मिळविण्याचा पर्याय देणारे भाडेखरेदीचे करारही भाडेपट्ट्याच्या व्याख्येत स्पष्टपणे घेतले आहेत.

पूर्ण रोख किमतीच्या पद्धतीत कराराच्या दिवशी यंत्र खाते ८०,००० रुपयांनी नावे करून विक्रेत्याचे खाते जमा करतात. आरंभीचे १३,८०० दिले, की विक्रेत्याचे खाते नावे व बँक खाते जमा. वर्षअखेरीस प्रथम ६,६२० रुपयांनी व्याज खाते नावे व विक्रेत्याचे खाते जमा करावयाचे, आणि त्यानंतर २६,६२० चा हप्ता विक्रेत्याच्या नावे लिहावयाचा. हा क्रम राखला, की विक्रेत्याच्या खात्यावर आपोआप ४६,२०० ची बाकी उरते. यंत्राचे आयुष्य आठ वर्षे मानून व अखेरचे मूल्य शून्य धरून घसारा दरसाल १०,००० रुपये येतो. पहिल्या वर्षाचा एकूण भार अशा रीतीने १६,६२० रुपये होतो.

दुसऱ्या एका पद्धतीत यंत्र खात्यावर फक्त प्रत्यक्ष फेडलेली किंमत चढवितात. पहिल्या वर्षअखेरीस १३,८०० व २०,००० मिळून ३३,८०० रुपये, आणि घसारा वजा जाता २३,८००. घसारा मात्र येथेही संपूर्ण ८०,००० वरच आकारावा लागतो; कारण झिजते ते संपूर्ण यंत्र, त्याचा फेडलेला भाग नव्हे. पहिल्या पद्धतीतही ७०,००० च्या यंत्रातून ४६,२०० चे देणे वजा केले, तर २३,८०० च उरतात. नफ्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो ताळेबंद वाचणाऱ्यास काय दिसते यात. दुसऱ्या पद्धतीत देण्याचा आकडा दृष्टिआड होतो आणि धंदा आहे त्याहून कमी कर्जबाजारी भासतो.

नफा बिघडविणारी चूक वेगळीच आहे. संपूर्ण ९३,६६० रुपये यंत्र खात्यावर चढवून त्यावर आठ वर्षे घसारा आकारला, तर पहिल्या वर्षाचा भार ११,७०७.५० एवढाच येतो, म्हणजे खऱ्या भाराहून ४,९१२.५० रुपयांनी कमी. तीन वर्षांचे व्याज येथे आठ वर्षांवर पसरलेले असते. उलटपक्षी, आरंभीची रक्कम व पहिला हप्ता मिळून ४०,४२० रुपये सरळ भाडेखर्च म्हणून लिहिले, तर पहिले वर्ष विनाकारण तोट्यात जाते. यंत्र खात्यावरील मूळ आकडा रोख किमतीशी ताडून पाहिला, की या दोन्ही चुका उघडकीस येतात.

हप्त्याची तारीख आणि वर्षअखेर नेहमीच जुळतात असेही नाही. हाच करार १ जुलैस झाला व हप्ता ३० जूनला येत असेल, तर ३१ मार्चच्या हिशेबात नऊ महिन्यांचे ४,९६५ रुपये व्याज देणे म्हणून दाखवावे लागते. हप्ता अद्याप आलेला नाही, म्हणून व्याजही झालेले नाही, असे मानणे चूक होय.

हप्तेबंदीत नोंदी याच राहतात. एक भेद एवढाच, की तेथे पुष्कळदा पहिल्याच दिवशी यंत्र खाते ८०,००० आणि निलंबित व्याज खाते १३,६६० नावे करून विक्रेत्यास एकदम ९३,६६० जमा दाखवितात. पुढे दरवर्षी त्या वर्षाचे व्याज निलंबित खात्यातून व्याज खात्यास नेतात. निलंबित खात्याची बाकी ताळेबंदात विक्रेत्याच्या देण्यातून वजा करून दाखवावी. अद्याप न झालेले व्याज ही मालमत्ता नव्हे.

विक्रेत्याच्या वहीत

विक्रेत्यास हे यंत्र ६४,००० रुपयांना पडलेले आहे. म्हणजे त्याला विक्रीचा नफा १६,००० आणि व्याज १३,६६०, असे एकूण २९,६६० रुपये तीन वर्षांत मिळावयाचे आहेत. एकूण रकमेविषयी वाद नाही. वाद आहे तो तिची वर्षवार वाटणी कशी करावी याचा.

किमती वस्तू विकणारा विक्रेता सामान्यतः विक्री पद्धती वापरतो. कराराच्या दिवशी छापखान्याचे खाते ८०,००० ने नावे व विक्री खाते जमा. पुढे खरेदीदाराच्याच कोष्टकाप्रमाणे दरवर्षी छापखान्याचे खाते व्याजाने नावे आणि व्याज खाते जमा. त्यामुळे विक्रीचा सर्व नफा पहिल्याच वर्षी येतो आणि व्याज मात्र काळाप्रमाणे.

शिलाईयंत्रे, पंखे, रेडिओ अशा लहान वस्तू शेकड्यांनी हप्त्याने विकणाऱ्या दुकानदारास प्रत्येक गिऱ्हाइकाचे व्याजाचे कोष्टक ठेवणे परवडत नाही. तो माल-साठा पद्धती वापरतो. तीत व्याज व विक्रीनफा यांची फोडच करीत नाहीत. भाडेखरेदी किंमत व मूळ खरेदी यांतील सर्व अंतर, येथे २९,६६०, हा एकच नफा मानून तो हप्ते देय होतील त्या प्रमाणात वाटतात. ज्यांची मुदत अद्याप आलेली नाही अशा हप्त्यांना ‘गिऱ्हाइकांकडील माल’ समजतात आणि त्यांतील नफ्याचा अंश साठा-राखीव म्हणून वगळतात. हीच पद्धती छापखान्याच्या यंत्रास लावली, तर पहिल्या वर्षअखेर ९३,६६० पैकी ४०,४२० देय झालेले असल्याने नफा सुमारे १२,८०० येतो. उरलेल्या ५३,२४० मधील सुमारे १६,८६० रुपये राखीव राहतात.

| वर्ष | विक्री पद्धती | माल-साठा पद्धती |
|---|---|---|
| पहिले | २२,६२० | १२,८०० |
| दुसरे | ४,६२० | ८,४३० |
| तिसरे | २,४२० | ८,४३० |
| एकूण | २९,६६० | २९,६६० |

एकच यंत्र, एकच करार आणि एकच वसुली. तरी पहिल्या वर्षाच्या नफ्यात जवळजवळ दहा हजारांचा फरक पडतो. विक्री पद्धती असे मानते, की विक्री झाली तेव्हाच व्यापाऱ्याचे काम पूर्ण झाले. माल-साठा पद्धती असे मानते, की हप्ता देय होईपर्यंत नफा पुरता हाती आलेला नाही. यांपैकी कोणते गृहीत वास्तवाला धरून आहे, याची परीक्षा हप्ते सुरळीत येत असताना होत नाही. ती हप्ता चुकल्यावर होते.

हप्ता चुकल्यावर

छापखान्याने आरंभीची रक्कम व पहिला हप्ता दिला. दुसऱ्या वर्षअखेरचा हप्ता मात्र त्याला देता आला नाही. करार भाडेखरेदीचा असल्याने विक्रेत्याने करारातील अटींनुसार यंत्र परत घेतले.

छापखान्याच्या वहीत त्या दिवशी यंत्राचे मूल्य ६०,००० आणि विक्रेत्याचे देणे, दुसऱ्या वर्षाचे व्याज धरून, ५०,८२० आहे. दोन्ही खाती परस्परांत बंद केली, की ९,१८० रुपयांचा तोटा उरतो. हा आकडा बरोबर आहे की नाही ते असे पाहावे : दोन वर्षांचा घसारा २०,०००, दोन वर्षांचे व्याज ११,२४० आणि हा तोटा ९,१८० यांची बेरीज ४०,४२० येते, छापखान्याने प्रत्यक्ष दिलेली रक्कमही तेवढीच आहे. यंत्र गेले, पैसे गेले आणि हाती काही उरले नाही. म्हणून सर्व दिलेली रक्कम खर्चात उतरली पाहिजे, आणि तशी ती उतरली आहे.

विक्रेत्याने परत आलेले यंत्र कोणत्या किमतीस घ्यावे? छापखान्याच्या खात्यावरील बाकी ५०,८२० असली, तरी त्या किमतीस ते घेणे म्हणजे तोटा पुढे ढकलणे होय. यंत्राची त्या दिवसाची खरी किंमत अजमावली पाहिजे. ती ४०,००० ठरली असे धरू. ‘परत घेतलेला माल’ या खात्यावर ४०,००० नावे लिहून उरलेले १०,८२० नफा-तोटा खात्यात तोटा म्हणून जातात. पुढे यंत्राच्या दुरुस्तीस ३,००० लागले व ते ४६,००० ला विकले गेले, तर त्या खात्यावर ३,००० रुपयांचा नफा दिसेल. तो नव्या विक्रीचा नफा होय. जुन्या कराराच्या हिशेबात तो मिसळू नये.

माल-साठा पद्धतीत दुसरा हप्ता देय झालेला असल्याने संपूर्ण २६,६२० येणे दिसत असतात. तिसऱ्या हप्त्याच्या २६,६२० मधून राखीव ८,४३० वजा जाता १८,१९० उरतात. एकूण ४४,८१० मधून यंत्राचे ४०,००० वजा केले, की तोटा अवघा ४,८१० येतो. दोन्ही पद्धतींचे दोन वर्षांचे चित्र आता शेजारी ठेवून पाहता येईल. विक्री पद्धतीत पहिल्या वर्षी २२,६२० चा नफा आणि दुसऱ्या वर्षी व्याजाचे ४,६२० धरूनही ६,२०० चा तोटा. माल-साठा पद्धतीत पहिल्या वर्षी १२,८०० व दुसऱ्या वर्षी ३,६२० चा नफा. दोन्हींची बेरीज १६,४२० च होते. मिळालेले ४०,४२० आणि परत आलेले ४०,००० चे यंत्र यांतून मूळ खर्च ६४,००० वजा केला, तरी हाच आकडा येतो.

सबब विक्री पद्धती चुकीची आहे असे नव्हे. परंतु ती वापरणाऱ्याने थकबाकीची तरतूद विक्रीच्या वर्षापासूनच केली पाहिजे. ती न करता पहिल्या वर्षाचे २२,६२० लाभांश म्हणून वाटून टाकले, तर दुसऱ्या वर्षीचा तोटा भांडवलातून भागवावा लागतो. तसेच ज्या छापखान्याकडून हप्ताच येण्याची शाश्वती नाही, त्याच्याकडील दुसऱ्या वर्षाचे ४,६२० व्याज उत्पन्न म्हणून लिहावे काय, हाही प्रश्न विक्रेत्याने वर्षअखेरीस स्वतःस विचारावयास हवा. वसुलीच अनिश्चित असेल, तर ते उत्पन्नात न घेणे हेच विवेकाचे होय.

आता हाच करार हप्तेबंदीचा असता, तर? दोन वर्षांपर्यंतचा एकही आकडा बदलला नसता. कोष्टक तेच, व्याज तेच, घसाराही तोच. परंतु दुसरा हप्ता चुकल्यावर विक्रेत्यास यंत्रास हात लावता आला नसता. कारण ते त्याचे राहिलेलेच नाही. तो केवळ सामान्य धनको ठरून थकलेल्या २६,६२० रुपयांसाठी दावा लावू शकला असता. करारात तसे कलम असते, तरच त्याला सर्व बाकी एकदम मागता आली असती. आणि यंत्र वेगळ्या लेखाने नजरगहाण असते, तरच त्यावर तारणाचा हक्क सांगता आला असता. छापखान्याच्या वहीत ६०,००० चे यंत्र व ५०,८२० चे देणे, दोन्ही जशीच्या तशी राहिली असती; ९,१८० च्या तोट्याची नोंद झालीच नसती. विक्रेत्याच्या वहीतही परत घेतलेल्या मालाचे खाते उघडले गेले नसते. त्याऐवजी येण्यासमोर बुडीत कर्जाची तरतूद उभी राहिली असती.

यावरून असे दिसते, की व्याजाची फोड ही काळ व राहिलेली बाकी यांवर अवलंबून असते. मालकी कोणाची, याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणूनच दोन्ही करारांचे नित्याचे हिशेब एकसारखे दिसतात. मालकीचा प्रश्न वह्यांत सुप्त राहतो आणि हप्ता चुकण्याच्या दिवशी तो एकाएकी तोट्याच्या आकड्याचे रूप घेतो. त्या दिवशी कोणते खाते बंद करावयाचे, हे खतावणीत सापडत नाही. ते करारपत्रातील खरेदीचे बंधन किंवा पर्याय सांगणाऱ्या एका कलमात सापडते.